पाय घरचा, नॅनो विकतचा: पहिल्या लाइन फॉलोअरचं एक प्रकरण

दिवाळीच्या सुटीत भाचा धुळ्याहून अमळनेरला आला तो फराळाच्या डब्यासोबत आणखी एक डबी घेऊन. तिच्यात रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर, त्याचा छोटा कॅमेरा आणि एक मेमरी कार्ड होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मोठ्या भावानं हौसेनं घेतलेलं आणि नंतर कपाटात पडून राहिलेलं. भाचा आणि त्याची चुलत बहीण दोघंही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. फेब्रुवारीत त्यांच्याकडे लाइन फॉलोअरची, म्हणजे जमिनीवरची पट्टी धरून आपोआप चालणाऱ्या रोबॉटची, स्पर्धा होती, आणि रोबॉट बांधायची दोघांचीही ही पहिलीच वेळ. माझी सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे घरातली अशी प्रकरणं आपोआप माझ्या ओट्यावर येतात.

स्पर्धेचे नियम साधे होते. पांढऱ्या फ्लेक्सवर २५ मिलिमीटर रुंदीची काळी पट्टी, दोन काटकोनी वळणं, एका ठिकाणी पट्टीला पट्टी छेदून गेलेली. रोबॉट २० सेंटिमीटरच्या चौकोनात बसला पाहिजे. प्रत्येक जोडीला पाच मिनिटं, आणि तेवढ्यात तीन प्रयत्न. हा शेवटचा नियम आम्ही वाचून सोडून दिला होता. पुढे तोच आम्हाला आडवा आला.

मी अर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड सुचवला होता. भाच्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. "मामा, पाय फुकट आहे. १.४ गिगाहर्ट्झ, चार कोअर, एक जीबी रॅम. तुम्ही म्हणता तो अर्डुइनो नॅनो १६ मेगाहर्ट्झचा, रॅम दोन केबी. घरात ट्रॅक्टर उभा असताना भाड्यानं बैलजोडी कशाला आणायची?"

मी वाद घातला नाही. एकच विचारलं: रोबॉट पट्टीवरून सरकला हे बोर्डाला कळून चाक वळेपर्यंत किती वेळ गेलेला चालेल? दोघं एकमेकांकडे बघायला लागली. म्हटलं, मग आधी हाच आकडा काढू. बोर्ड नंतर निवडू.

आकडा कसा काढला

सांगाडा नेहमीचाच घेतला. दोन पिवळ्या बीओ मोटरी, ६५ मिलिमीटरची चाकं, पुढे एक बॉल कॅस्टर, बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरींना वीज देणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, आणि १८६५० चे दोन लिथियम सेल मालिकेत जोडून. हा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा आहे, सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खातो. एरवी हा दोषच, पण आमच्या मोटरी तीन ते सहा व्होल्टच्या आणि सेल ७.४ व्होल्टचे, त्यामुळे हिशोब आपसूक जुळला.

अजून कुठलाच बोर्ड लावलेला नव्हता. ड्रायव्हरला वीज देऊन, त्याच्या इशाऱ्याच्या पिना तारांनी थेट जोडून गाडी फरशीवर सरळ सोडली आणि दोन मीटरला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं. चार सेकंदांहून थोडा कमी. वळणांचा विचार करून स्पर्धेत दोन मीटर पाच सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ४० सेंटिमीटर या वेगानं जायचं ठरलं.

याचा अर्थ एका मिलिसेकंदात रोबॉट ०.४ मिलिमीटर पुढे जातो. बोर्डाला उत्तर द्यायला १०० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात तो ४ सेंटिमीटर गेलेला असतो. पट्टीच अडीच सेंटिमीटरची. पट्टी सुटली हे रोबॉटला कळेपर्यंत काटकोन मागे पडलेला असेल. भाचीनं हा हिशोब वहीत लिहून चौकट केली, आणि पुढचे दोन महिने आम्ही त्या चौकटीकडेच बघत राहिलो. गिगाहर्ट्झचा विषय तिथेच मागे पडला.

पायवर पहिला महिना

तरीही सुरुवात पायपासूनच केली. फुकट होता, आणि भाच्याला पायथॉन येत होतं, ही दोन्ही कारणं खरी होती. एखादी वस्तू आपल्या कामाची नाही हे दुसऱ्यानं सांगून पटत नाही, ती चालवूनच पाहावी लागते.

पहिला अडथळा विजेचा. एल२९८एन वर पाच व्होल्टचा एक स्क्रू असतो. दोघांनी पाय त्यालाच जोडला. टेबलावर पाय मजेत सुरू झाला. मोटरी फिरवल्या की लगेच पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह आणि पाय बंद होऊन पुन्हा सुरू. शेजारचे आजोबा ओट्यावरून रोज विचारायचे, "काय व्हयनं रे भो?"

झालं असं होतं की त्या स्क्रूमागे ड्रायव्हरवरचा जो छोटा रेग्युलेटर असतो त्याची ऐपत अर्ध्या अँपिअरची. या पायला कॅमेऱ्यासह काम करताना एक अँपिअरच्या आसपास लागतो, आणि त्याच्यासाठी अडीच अँपिअरचा अडॅप्टर वापरायला सांगतात. पाच व्होल्टचे ४.६३ च्या खाली गेले की तो कमी दाबाची तक्रार नोंदवतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. ही नोंद बघायची आज्ञा आहे:

```
vcgencmd get_throttled
throttled=0x50005
```

उत्तर `0x0` आलं तर सगळं ठीक. शेवटी ५ असेल तर आत्ता या क्षणी दाब कमी आहे आणि वेगही कापला गेलाय. `0x50000` आलं तर आत्ता ठीक आहे, पण सुरू झाल्यापासून कधीतरी तसं होऊन गेलंय. ही शेवटची खूण कामाची, कारण रोबॉट फरशीवर धावत असताना पडदा जोडलेला नसतो. धाव संपली की जोडून बघायचं.

मग पायसाठी वेगळी पॉवर बँक आली. ती पाव किलोच्या जवळपास, त्यामुळे सांगाडा मागे कलायला लागला आणि ती मधोमध सरकवून बांधावी लागली. शिवाय दोन वेगळ्या बॅटऱ्या झाल्या की दोघींची ऋण बाजू एकमेकींना जोडावीच लागते, नाहीतर पायचा इशारा ड्रायव्हरला समजत नाही. यात एक अख्खा रविवार गेला.

त्यानंतर कॅमेरा. भाच्यानं प्रोग्राम नीटच लिहिला होता. चित्र लहान करून १६० बाय १२० वर आणायचं, खालची एक पट्टी कापून घ्यायची, काळ्या ठिपक्यांचा मध्य काढायचा आणि तो चित्राच्या मध्यापासून किती सरकलाय त्यावरून चाकं वळवायची. टेबलावर बघताना डोळ्यांना सगळं एकदम तत्पर वाटायचं.

तत्परता डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून एक युक्ती केली. पायला एक एलईडी जोडला आणि काळी पट्टी दिसली की तो लागेल असा प्रोग्राम केला. मग कॅमेऱ्यासमोर झटकन काळा कागद सरकवायचा आणि ही सगळी गंमत मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रं, अशी टिपायची. कागद समोर आल्यापासून एलईडी लागेपर्यंत किती चित्रं जातात ती मोजली. दहा वेळा केलं. सगळ्यात कमी २२, सगळ्यात जास्त २९. म्हणजे ९० ते १२० मिलिसेकंद.

भाचा बिथरला. "मामा, कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं देतो. म्हणजे ३३ मिलिसेकंदच व्हायला हवेत."

३३ हे दोन चित्रांमधलं अंतर आहे. चित्र टिपायचं, ते सेन्सरवरून ओळीओळीनं वाचायचं, आत रांगेत थांबायचं, मग पायथॉनच्या हाती यायचं, मग त्यावर गणित. दूध रोज सकाळी सहाला येतं म्हणून ते सहालाच काढलेलं असतं असं नाही. चित्रं किती झपाट्यानं येतात आणि आलेलं चित्र किती शिळं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वळणावर दुसराच प्रश्न लागू होतो.

इथे कॅमेऱ्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तो लांबचं बघू शकतो. चित्र ४ सेंटिमीटर शिळं असेल तर १२ सेंटिमीटर पुढचं बघायचं, उशीर भरून निघतो. आम्ही कॅमेरा वर कलवला आणि हलक्या वळणांवर रोबॉट खरंच छान चालायला लागला. पण काटकोन आला की १२ सेंटिमीटर आधीच वळायचा आणि कोपरा कापून फ्लेक्सच्या बाहेर. ते टाळायचं तर दिसलेलं वळण लक्षात ठेवून, चाकं तिथे पोचेपर्यंत थांबून, मग वळायचं. त्यासाठी किती पुढे आलो ते कळायला हवं, म्हणजे चाकांवर फेरे मोजणारे एन्कोडर आले. कॅमेऱ्यावर चालणारे लाइन फॉलोअर असतात आणि उत्तम असतात. पण पहिल्या रोबॉटसाठी दोन महिन्यांत हा सगळा डोंगर चढायचा, आणि तोही समोर फक्त एक काळी पट्टी आहे म्हणून?

आणखी दोन गोष्टी महिनाभर छळत राहिल्या. बटण दाबल्यापासून प्रोग्राम सुरू होईपर्यंत ४० सेकंद लागायचे. पाच मिनिटांत तीन प्रयत्न, आणि मध्ये एकदा जरी वीज गेली तरी ४० सेकंद नुसतं उभं राहायचं. दुसरं, एकदा रीतसर बंद न करता स्विच ओढला आणि मेमरी कार्डवरची फाइल व्यवस्थाच बिघडली. पाय सुरूच होईना. कार्ड पुसून सगळं नव्यानं भरलं. हे लिनक्स चालवणारं यंत्र आहे, त्याला कॉम्प्युटरसारखंच बंद करावं लागतं. स्पर्धेच्या गडबडीत ते कोण करणार?

भाचीचा प्रश्न

डिसेंबरच्या एका संध्याकाळी, घरात भरीत भाजायचा धूर झालेला असताना, भाचीनं या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न विचारला. "मामा, दोष कॅमेऱ्याचा आहे ना? मग कॅमेरा काढू आणि पायलाच आयआर सेन्सर लावू."

हे चालतं, हे आधी सांगतो. आयआर सेन्सर जमिनीवर अवरक्त किरण टाकतो आणि किती परत आले ते बघतो. सेन्सरच्या मोड्यूलवर तुलना करणारी चिप असते, ती काळं की पांढरं एवढं हो-नाही सांगते, आणि पाय ते वाचू शकतो. एक काळजी घ्यायची: पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर काही गेलं तर त्या जळतात, म्हणून सेन्सरला पाच नव्हे तर ३.३ व्होल्टच द्यायचे. आम्ही तीन सेन्सर लावून बघितले. हळू वेगात रोबॉट चालला.

पण लहर मारत चालला, सापासारखा. कारण हो-नाहीच्या उत्तरात किती सरकलो हे नसतं. ते हवं तर सेन्सरची चढती-उतरती किंमत वाचायला हवी, आणि या पायला तशी एकही पिन नाही. वेगळी चिप घ्यावी लागते.

शिवाय एक गोष्ट मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. भाच्यानं प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला किती वेळ लागला ते फाइलमध्ये लिहून घेतलं. बहुतेक फेऱ्या दोन-तीन मिलिसेकंदांच्या. मधूनच एखादी पंधरा-वीसची. लिनक्सला त्याच वेळी वायफाय, कार्ड, इतर दहा कामं बघायची असतात, आणि आपल्या प्रोग्रामला तो त्याच्या सवडीनं पाळी देतो. सरासरी काढली तर काहीच दिसत नाही.

याचा त्रास असा. रोबॉट लहर मारू नये म्हणून नियंत्रणात दोन भाग ठेवतात. पहिला भाग बघतो आत्ता किती सरकलोय. दुसरा बघतो मागच्या फेरीपेक्षा सरकणं वाढतंय की कमी होतंय. या दुसऱ्या भागाचं सगळं गणित फेऱ्या सारख्या अंतरानं होतात यावर उभं आहे. एक फेरी दोन मिलिसेकंदांची आणि पुढची वीसची झाली की बदल एकदम दहापट दिसतो, आणि चाकाला उगाच हिसका बसतो. प्रत्येक फेरीचा वेळ मोजून त्यानं भागलं की हे बरंचसं सुधारतं, आणि ते करणारे करतात. पण त्या वीस मिलिसेकंदांत रोबॉट जे ८ मिलिमीटर आंधळा गेला, ते कुठल्याच भागाकारानं परत येत नाहीत.

म्हणजे कॅमेरा काढल्यावर पायचे सगळे गुण संपले: चित्र बघणं नाही, वायफायचं काम नाही, मोठी रॅम रिकामी. आणि खर्च सगळा तसाच राहिला: पॉवर बँक, ४० सेकंद, कार्ड, सवडीनं मिळणारी पाळी. भाचीनंच वहीत लिहिलं, "कॅमेरा नसेल तर पाय कशाला?" त्या रात्री निवड झाली. मी काही बोललो नव्हतो.

नॅनो आल्यावर

मागवताना एक फाटा फुटला. भाच्याला पिको दिसला. "हाही रास्पबेरीचाच आहे, पायमधलं थोडं तरी शिकलेलं वापरता येईल." नाव एका घरचं असलं तरी पिको हा मायक्रोकंट्रोलर आहे, त्यात लिनक्स नाही, आणि तो चांगला आहे. पण त्याच्या बाहेर काढलेल्या, चढती-उतरती किंमत वाचणाऱ्या पिना तीनच, आणि आम्हाला पाच सेन्सर हवे होते. नॅनोवर अशा आठ आहेत. वेगाची गरज नसताना पिनांवरून निवड झाली, आणि अशा निवडी बहुतेक वेळा अशाच होतात.

जळगावहून आलेला नॅनो नकली जातीचा होता, मूळच्या बोर्डाची स्वस्त नक्कल. तो लॅपटॉपला दिसेना, कारण त्याच्यावरची यूएसबीची चिप वेगळी, सीएच३४०, तिचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकावं लागलं. मग दिसला, पण प्रोग्राम चढेना. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या यादीत प्रोसेसर `ATmega328P (Old Bootloader)` निवडल्यावर चढला. या दोन गोष्टी माहीत नसतील तर माणूस बोर्ड खराब म्हणून परत पाठवतो.

सेन्सर टीसीआरटी५००० चे पाच, पट्टीला आडवे, एकमेकांपासून १५ मिलिमीटरवर, जमिनीपासून बोटाच्या अर्ध्या जाडीएवढे वर. आणि वीज? जो पाच व्होल्टचा स्क्रू पायला उपाशी ठेवत होता, त्याच्यावरच नॅनो आणि पाचही सेन्सर आरामात चालले. सगळे मिळून पाव अँपिअरसुद्धा खात नव्हते. पॉवर बँक उतरली, सांगाडा हलका झाला, स्विच दाबला की दोन सेकंदांत रोबॉट तयार. कधीही ओढून बंद करा, काही बिघडत नाही.

प्रोग्रामचा गाभा एवढाच:

```cpp
long num = 0, den = 0;
for (int i = 0; i < 5; i++) {
  int v = map(analogRead(A0 + i), lo[i], hi[i], 0, 1000);
  v = constrain(v, 0, 1000);
  num += (long)v * (i - 2) * 100;
  den += v;
}
if (den > 300) err = num / den;
int turn = kp * err + kd * (err - last);
last = err;
drive(base + turn, base - turn);
```

`kp` हा नियंत्रणाच्या पहिल्या भागाचा जोर, `kd` दुसऱ्याचा, आणि `base` हा सरळ चालीचा वेग. `lo` आणि `hi` हे प्रत्येक सेन्सरचे पांढऱ्यावरचे आणि काळ्यावरचे आकडे. सुरुवातीला रोबॉट हातानं पट्टीवर आडवा फिरवून घ्यायचे. पाचही सेन्सर सारखे नसतात. आमच्यातला एक पांढऱ्यावर ६० दाखवायचा, दुसरा १४०. मग पाचांचा भारित मध्य काढला की रोबॉट किती सरकलाय ते उणे २०० ते अधिक २०० मध्ये कळतं. `den > 300` ही ओळ छोटी पण लबाड आहे. पट्टी पूर्ण हरवली तर `err` जुनाच राहतो, म्हणजे शेवटचं ज्या बाजूला पट्टी दिसली होती त्या बाजूला रोबॉट वळत राहतो. काटकोन याच ओळीमुळे पार पडतो. आणि पट्ट्या छेदतात तिथे पाचही सेन्सर काळे झाले की डावं-उजवं एकमेकांना खातं, `err` शून्य होतो आणि रोबॉट सरळ जातो. छेदासाठी वेगळं काही लिहावंच लागलं नाही.

फेरीचा वेळ मोजला तो साधारण एक मिलिसेकंद. एका सेन्सरचं वाचन ०.१ मिलिसेकंदाचं, पाचांचं अर्धं, उरलेलं गणित. आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे हजार फेऱ्या मोजल्या तरी तो एकच. मध्ये दुसरं कोणी पाळी मागायला नाही. चौकटीतल्या हिशोबानं रोबॉट दर ०.४ मिलिमीटरला पट्टी बघत होता.

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. नॅनोचे खोडे वेगळे, आणि ते गपचूप असतात. वरच्या प्रोग्राममध्ये `(long)` आहे ना, तो पहिल्यांदा नव्हता. रोबॉट मध्ये असताना ठीक, कडेला गेला की कधी बरोबर वळायचा, कधी चक्क उलटा. दोन संध्याकाळी तारा बदलण्यात गेल्या. पायथॉनमध्ये संख्या हवी तेवढी मोठी होते. नॅनोवर साधा `int` १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही. ५०० गुणिले २०० म्हणजे एक लाख, ते न मावल्यामुळे उणे ३१०७२ होऊन बसतं. चिन्हच पलटलं की चाकही उलटं. आणि नॅनो कुठलीही चूक दाखवत नाही, चुकीचं उत्तर शांतपणे देतो. पायवर काही चुकलं की निदान पडद्यावर अक्षरं तरी यायची.

हे शोधण्यासाठी भाच्यानं प्रत्येक फेरीत पाचही आकडे छापायला लावले होते, तर रोबॉट आणखीच बिघडला. ९६०० च्या वेगानं एक अक्षर जायला एक मिलिसेकंद लागतो. तीस अक्षरं म्हणजे तीस मिलिसेकंद, आणि छोटी साठवण भरली की सगळी फेरीच थांबते. आम्हीच आमच्या हातानं नॅनोचा कॅमेरा करून ठेवला होता. मग पन्नास फेऱ्यांतून एकदाच छापायचं ठरलं, वेग ११५२०० केला, आणि आकड्यांत ते उणे चिन्ह दिसलं.

`kp` रोबॉट डुलायला लागेपर्यंत वाढवत नेला, मग `kd` नं ते डुलणं मारलं. शेवटी ०.८ आणि ८ च्या आसपास थांबलो. आमच्या मोटरी, आमचं वजन, आमचा वेग यांचे हे आकडे. दुसऱ्याच्या रोबॉटला जसेच्या तसे लागणार नाहीत.

ऊन

जानेवारीत एका सकाळी फ्लेक्स ओट्यावर अंथरला आणि घरात शहाण्यासारखा चालणारा रोबॉट जागच्या जागी गोल फिरायला लागला. आपल्याकडचं हिवाळ्यातलं ऊनही कोवळं म्हणायचं तेवढंच. उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात, आणि हा सेन्सर तेच बघतो. काळ्या पट्टीवर घरात ७८० दाखवणारा सेन्सर उन्हात ३०० दाखवत होता, म्हणजे त्याला काळंही पांढरंच वाटत होतं. उपाय दोन. सेन्सरच्या भोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर, जमिनीला जवळजवळ टेकेल अशी. आणि `lo`, `hi` चे आकडे प्रोग्राममध्ये कोरून न ठेवता स्पर्धेच्या जागीच, स्पर्धेच्या उजेडात घ्यायचे. यासाठी रोबॉटवर एक बटण बसवलं.

कॅमेऱ्याला याच फ्लेक्सनं वेगळा त्रास दिला होता. चकचकीत असल्यामुळे ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा काळ्या पट्टीवरच पडायचा आणि पट्टी मधोमध तुटलेली दिसायची. म्हणजे उजेडाचं भांडण दोघांशीही असतं. फक्त आयआरचं पुठ्ठ्यानं मिटतं.

स्पर्धा आणि त्यानंतर

धुळ्याला पहिला प्रयत्न पहिल्याच काटकोनावर वाया गेला. रात्रभर सेल भरून आणले होते, त्यामुळे ७.४ च्या जागी ८.४ व्होल्ट. त्याच आकड्यांवर मोटरी जास्त जोरात फिरल्या आणि वळण हुकलं. भाचीनं `base` दहानं कमी केला, केबल लावून प्रोग्राम चढवला, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. दुसरा आणि तिसरा प्रयत्न पूर्ण झाला. बक्षीस मिळालं नाही. पहिल्या आलेल्या रोबॉटवर आठ सेन्सर आणि चांगल्या मोटरी होत्या, आणि तोही मायक्रोकंट्रोलरवरच होता. कॅमेऱ्यावाली एक जोडी होती. त्यांची पाच मिनिटं बरीचशी बोर्ड सुरू व्हायची वाट बघण्यात गेली.

पाय पुन्हा कपाटात गेला नाही. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत पट्टीच्या कडेला बाण आणि थांबण्याच्या खुणा असणार आहेत, त्या ओळखायच्या. पाच आयआर सेन्सरना बाण कधीच कळणार नाही, तिथे कॅमेराच लागेल. बाण ओळखायला १०० मिलिसेकंद लागले तरी चालतं, कारण तो आधीच लांबून दिसतो. म्हणून आता पाय नॅनोला यूएसबीच्या तारेनं जोडलाय. पाय फक्त एक अक्षर पाठवतो, `L`, `R` किंवा `S`. पट्टी धरून ठेवणं, चाकं सांभाळणं हे सगळं नॅनोकडेच. पायचं एखादं चित्र उशिरा आलं तरी रोबॉट पट्टी सोडत नाही.

मे महिन्यात दोघं सुटीला आली तेव्हा पहिली चाचणी घेतली. दुपारचे दोन, पंखा गरम हवा फेकत होता. पाय अचानक मंदावला. वीज ठीक होती, तरी `get_throttled` शून्य येईना. मग `vcgencmd measure_temp` टाकलं तर ६४ अंश. हा ३ बी प्लस ६० अंशांनाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर उतरतो. भाचा छोटा पंखा शोधायला गेला, आणि भाचीनं तोपर्यंत फ्लेक्स आतल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत नेऊन अंथरला.